या तुकड्यावरून पाय काढू नये

नव्वदच्या दशकात सांगलीतल्या ज्या लॅबोरेटरीत मी पॅथॉलॉजिस्ट म्हणून नोकरीला होते, तिच्या मालकांना आम्ही सगळे नुसतं 'सर' म्हणायचो. सरांना 'शक्यता नाकारता येत नाही' हे शब्द फार प्रिय होते. अहवाल इंग्रजीत टाईप व्हायचे, मी इथे ते मराठीत सांगते आहे. पण कुठल्याही भाषेत त्या वाक्याचं वजन तेवढंच. गाठीचा तुकडा साधा दिसला तरी सर शेवटी कॅन्सरची शक्यता नाकारता येत नाही असं घालायचे, आणि कॅन्सर स्वच्छ दिसत असला तरी 'रुग्णाच्या लक्षणांशी ताडून पाहावे' असं लिहून मोकळे व्हायचे.

मी एकदा विचारलं, "सर, हे प्रत्येक वेळी कशाला?"

"लिहिलेलं बरं असतं. उद्या काही निघालं, तर आपण म्हटलंच होतं."

"आणि नाही निघालं तर?"

"तर आपण नक्की आहे असं म्हटलंच नव्हतं," असं म्हणून सर हसले आणि चहा प्यायला लागले. सर वाईट नव्हते. त्यांची नजर माझ्यापेक्षा कितीतरी तयार होती आणि स्लाइड बघायला मला त्यांनीच शिकवलं. पण नजरेला दिसलेलं कागदावर उतरवायची वेळ आली की त्यांचा हात आखडायचा. तो कागद वाचून पलीकडे कुणीतरी सुरी हातात घेणार आहे, हे त्यांना दिसतच नसे. मला दिसायचं, आणि माझं डोकं भडकायचं. माझा स्वभाव तसा गरमच, घरचे अजूनही म्हणतात.

त्यात आमच्या भागातल्या दवाखान्यांची एक पद्धत होती. अहवाल कितीही लांब असो, वॉर्डातला हाउसमन म्हणजे शिकाऊ डॉक्टर त्याची फक्त शेवटची ओळ केसपेपरवर उतरवून घ्यायचा. त्याचाही दोष नव्हता. बिचारा तीस पेशंटचं बघणार की आमची पेशींच्या रंगरूपाची वर्णनं वाचत बसणार? पुढे मोठे डॉक्टर राउंडला आले की तीच एक ओळ वाचायचे, आणि ऑपरेशनच्या यादीवर त्यातलेही दोनच शब्द चढायचे. टाईप केलेला अहवाल हातात पडायला वेळ लागत असेल तर ती शेवटची ओळ फोनवर विचारली जायची. म्हणजे आम्ही चार पेशी बघून घातलेलं प्रश्नचिन्ह वाटेत कुठेतरी गळून पडायचं आणि नुसता रोग पुढे जायचा.

अशातच एका पोरीच्या हाडाचा तपासणीचा तुकडा आला, तो तिचे वडील स्वतः घेऊन आले होते. तेव्हा तसंच चालायचं. ऑपरेशन झालं की तुकडा घातलेली फॉर्मॅलिनची बाटली नातेवाइकाच्या हातात द्यायची आणि लॅबला पाठवायचं. खाकी पँट, तेलाचे डाग पडलेला सदरा, दोन्ही हातांनी धरलेली बाटली. विट्याच्या एसटी डेपोत ते मेकॅनिक होते. दारावरच्या पाटीवर माझं आडनाव वाचून ते जरा थबकले, मग हळूच म्हणाले, "जय भीम, ताई."

मीही जय भीम म्हटलं. त्यांचा चेहरा एकदम सैल पडला. "आपल्यातली डॉक्टर हाय म्हटल्यावर जरा बरं वाटलं बगा. पोरगीचं हाय. पायाचं हाड हाय त्यात."

बाटलीबरोबरच्या चिठ्ठीवर हाउसमनच्या अक्षरात इतकंच होतं: वय अठरा, स्त्री, उजव्या गुडघ्याखाली दोन महिन्यांपासून दुखणं व सूज, ऑस्टिओसार्कोमा आहे का पाहावे. ऑस्टिओसार्कोमा म्हणजे हाडाचा कॅन्सर, आणि तो याच वयात, याच जागी येतो. त्या काळी त्याचा सरळ अर्थ गुडघ्याच्या वर पाय काढणं असाच घेतला जायचा.

मी एक्स-रे मागितला. हाडाची स्लाइड एक्स-रे शेजारी ठेवल्याशिवाय वाचू नये, हे पहिल्या वर्षात शिकवतात आणि पुढे सगळे विसरतात. ते दुसऱ्या दिवशी तो घेऊन आले. मी तो खिडकीपाशी धरला. नडगीच्या वरच्या भागात हाड धुरकट झालं होतं, कडेला नवं हाड धरलं होतं. बघताच कॅन्सर वाटावा असा तो एक्स-रे होता.

"पडली होती का कुठं?" मी विचारलं.

"न्हाई ओ. पळती ती. पोलिसात भरती व्हायचं म्हनून रोज पहाटं विटा-कराड रोडनं पळती. सा महिनं झालं. दुकायला लागलं तरी पळायची, आमी म्हनायचो बास कर, तर म्हनायची, भरती जवळ आलीया. लय हट्टी."

हे चिठ्ठीत कुठेच नव्हतं. वॉर्डात तिला 'कधीपासून दुखतंय' असं विचारलं गेलं असेल आणि तिने त्याचं उत्तर दिलं असेल. 'तू काय करतेस' असं कोणी विचारलं नव्हतं. रोज कठीण रस्त्यावर पळणाऱ्या मुलीच्या नडगीत बारीक चीर पडू शकते. ती चीर भरून काढायला शरीर नवं हाड तयार करतं, आणि ते घाईघाईने तयार होणारं हाड एक्स-रेमध्ये आणि स्लाइडवर कॅन्सरसारखं दिसू शकतं. त्याला फसून पाय काढल्याच्या गोष्टी पुस्तकात असतात. हे सगळं मी त्यांना सांगितलं नाही. स्लाइड बघायच्या आधी तोंड उघडायचं नाही, एवढं शहाणपण तेव्हा मला आलं होतं.

हाडाला वेळ लागतो. ते आधी आम्लात ठेवून मऊ करावं लागतं, रोज सुई टोचून बघावं लागतं, मग मेणात बसवून त्याचे पातळ काप घेता येतात. तोवर ते गृहस्थ ड्यूटी बदलून बदलून शेजारच्या दवाखान्यात पोरीपाशी बसत होते, आणि जाता येता आमच्या दारात डोकावायचे. विचारायचे काही नाहीत, नुसतं जय भीम करून जायचे. मला ते विचारण्यापेक्षा जड वाटायचं.

स्लाइड तयार झाली तेव्हा मी ती सकाळपासून बघत बसले. तुकडा छोटा होता, आणि दुखऱ्या जागेच्या कडेचा असावा. कोवळ्या हाडाचे पट्टे, त्यांच्या मध्ये टपोऱ्या, कामाला लागलेल्या पेशी. बऱ्याच ठिकाणी त्या पेशी हाडाच्या कडेने ओळीत लागलेल्या होत्या, आणि हाड सांधत असतं तेव्हा त्या अशाच दिसतात. पण एका कोपऱ्यात ओळ मोडली होती. तिथे पेशी दाटीवाटीने होत्या, त्यांची केंद्रकं मोठी आणि काळपट होती, आणि त्यांच्यामध्ये हाडाची नुसती जाळी पसरली होती. तो कोपरा बघितला की वाटायचं, कॅन्सरच. बाकीची स्लाइड बघितली की वाटायचं, पोरगी पळत होती, दुसरं काही नाही. मी लेन्स बदलून बदलून पाहिलं आणि माझं मत काही एका बाजूला पडेना.

सरांनी बघितलं. बराच वेळ बघितलं. मग म्हणाले, "नक्की सांगता येणार नाही."

"मलाही तेच वाटतंय."

"मग झालं. लिहा: नवीन हाड तयार होताना दिसते, काही पेशी अनियमित आहेत. ऑस्टिओसार्कोमाची शक्यता नाकारता येत नाही. लक्षणांशी ताडून पाहावे."

मी म्हटलं, "सर, शेवटची ओळ काय उतरवून घेतील, माहीत आहे ना?"

"ते त्यांनी बघायचं."

मी अहवाल टाईपिस्टकडे दिला नाही. म्हटलं, उद्या सकाळी ताज्या डोळ्यांनी स्लाइड परत बघते आणि मग लिहिते. सरांनी मान हलवली. पण त्या संध्याकाळी मी घरी गेल्यावर वॉर्डातून हाउसमनचा फोन आला आणि तो सरांनी घेतला. हे मला दुसऱ्या दिवशी कळलं, तेही मुलीच्या वडिलांकडून. मी लॅब उघडण्याआधीच ते पायरीवर उभे होते.

"ताई, उद्या पाय काढायचा म्हनत्यात. माझी सही मागत्यात. तुमचा रिपोट आला म्हनं."

आमचा अहवाल टाईपही झाला नव्हता. वॉर्डात जाऊन मी केसपेपर बघितला. त्यावर लिहिलं होतं, 'फोनवरून: ऑस्टिओसार्कोमा.' बस. पुढे काहीच नाही. ऑपरेशनच्या यादीत तिचं नाव दुसरं होतं. हाउसमन पोरगेलासा होता, त्याला मी विचारलं तर म्हणाला, "मॅडम, सर म्हणाले नाकारता येत नाही. नाकारता येत नाही म्हणजे आहे, असंच आम्ही धरतो." प्रामाणिकपणे सांगत होता. त्याच्यावर ओरडायला मी तोंड उघडलं होतं ते मिटलं.

लॅबमध्ये परत येऊन मी सरांसमोर बसले आणि निष्कर्ष स्वतःच्या हाताने लिहिला. त्यात वर्णन नव्हतं, ते वर वेगळं होतं. निष्कर्षात मी लिहिलं: 'या तुकड्यावरून निदान होत नाही. हे भरून येणाऱ्या अस्थिभंगाचे नवे हाड असू शकते, किंवा ऑस्टिओसार्कोमाची कडा असू शकते. दोन्हींपैकी कोणते, हे या तुकड्यात ठरत नाही. रुग्ण सहा महिने रोज लांब पळत होती, हे लक्षात घ्यावे. या अहवालावरून पाय काढू नये. या अहवालावरून कॅन्सर नाही असेही समजू नये. त्याच जखमेतून, पण खोलवरचा, मोठा तुकडा या आठवड्यातच घ्यावा.' आणि शेवटची ओळ, जी उतरवून घेतली जाणार होती, ती होती: 'निदान अनिर्णित, पाय न काढता तातडीने पुन्हा बायॉप्सी.'

सरांनी वाचलं आणि त्यांचा चेहरा तांबडा झाला. "पाय काढू नये? हे सर्जनला सांगणारे आपण कोण? पॅथॉलॉजिस्टने पेशी सांगायच्या."

"सर, आपल्याला माहीत नाही, एवढंच मी सांगते आहे. पण ते असं सांगते आहे की त्यांना कळेल."

"आणि हा कॅन्सर निघाला, आणि मधले दिवस वाया गेले म्हणून कोणी विचारलं तर?"

तो प्रश्न खरा होता. म्हणून तर मी 'या आठवड्यातच' असं लिहिलं होतं, 'तातडीने' असं लिहिलं होतं. थांबण्यालाही किंमत असते, हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, "विचारलं तर मी आहे. पण सांधणाऱ्या हाडासाठी पाय गेला तर तो परत कोण लावणार?"

सरांनी पेन उघडलं आणि माझ्या सहीशेजारी सही केली. सही करताना म्हणाले, "तुमच्यामुळे मला एक दिवस हार्ट अटॅक येणार आहे." मी त्यांना इतकं मानते ते त्या सहीसाठी.

कागद घेऊन मी स्वतः सर्जनकडे गेले. ते उंचेपुरे, तुटक बोलणारे गृहस्थ. ऑपरेशन थिएटरच्या दारातच त्यांनी वाचलं. मला वाटलं आता हे मला झाडणार. ते म्हणाले, "काल सांगितलं तेव्हा कॅन्सर होता. आज नाही?"

"काल फोनवर अर्धंच पोचलं. आहे की नाही, ते आम्हाला कळत नाही."

"एक्स-रे तर वाईट दिसतो."

"दिसतो. ती पळत होती, हे तुम्हाला कोणी सांगितलं होतं?"

त्यांना कोणीच सांगितलं नव्हतं. त्यांनी कागद पुन्हा एकदा वाचला, या वेळी सावकाश. "हे बरं आहे," ते म्हणाले. "नाहीतर तुम्हा लोकांचे अहवाल वाचले की काय करायचं तेच कळत नाही. परवाच करतो बायॉप्सी." आणि तिथेच नर्सला सांगून यादीतलं नाव काढायला लावलं.

त्या दिवशी मी तरंगत होते. खोटं कशाला सांगू? मला वाटलं, मी एक पाय वाचवला.

दुपारी वॉर्डात गेले तेव्हा मुलीला पहिल्यांदा पाहिलं. काळीसावळी, काटक, मनगटाला लाल दोरा, पाय पट्टीत. तिने मला वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "तुमीच का त्या? अप्पा म्हनले, तुमी भांडला म्हनं सायबाशी."

"भांडले नाही. कागद दिला."

"भरती मार्चमधी हाय मॅडम. तवापर्यंत बरा व्हईल ना?"

मी खाली बसले. मी तिला सांगितलं की अजून काहीच ठरलेलं नाही, परवा पुन्हा तुकडा घेणार आहेत, त्यात काय दिसेल ते आज सांगता येत नाही, वाईटही दिसू शकतं. जितकं सोपं करून सांगता येईल तितकं सांगितलं. ती ऐकत होती, मान हलवत होती. तिची आई पायथ्याशी बसली होती, डोक्यावरचा पदर दातात धरलेला. माझं बोलणं संपल्यावर ती पोरगी आईकडे वळून म्हणाली, "बग, म्हनलं नव्हतं मी तुला? काय न्हाई मला."

संध्याकाळी लॅबमध्ये पेढ्याचा पुडा आला. वडिलांनी स्वतः आणला. मी म्हटलं, "अहो दादा, हे काय? अजून कळलेलं नाही."

"व्हय व्हय, ठावं हाय मला. तुमी सांगितलंय. पर पाय हाय न्हवं? काल ह्या वक्ताला मी सहीला बसलो हुतो." त्यांनी एक पेढा माझ्या हातावर ठेवला. सरांनीही घेतला. मी तो खाल्ला. डॉक्टरांसाठी मी जे वाक्य इतकं घासूनपुसून लिहिलं होतं, ते डॉक्टरांना बरोबर कळलं. या माणसांना मी तेच सांगितलं होतं, आणि त्यांना त्यातलं एवढंच ऐकू आलं की पाय आहे. त्याला काय म्हणणार? मी त्यांच्या जागी असते तर मीही तेवढंच ऐकलं असतं.

दुसरा तुकडा चांगला मोठा होता. आम्ही सांगितल्याप्रमाणे सर्जननी तो खोलवरून घेतला होता. त्यात मऊ भागही होता, त्याला आम्लात ठेवायची गरज नव्हती, म्हणून त्याची स्लाइड आधी झाली. मी ती मायक्रोस्कोपखाली ठेवली आणि पहिल्या नजरेतच कळलं. ओळ कुठेच नव्हती. कोपऱ्यात जे थोडंसं दिसलं होतं ते इथे सगळीकडे होतं: वेड्यावाकड्या पेशी, त्यांच्या मधली हाडाची जाळी, पेशींची भराभर चाललेली विभाजनं. शिकणाऱ्या मुलांनाही दाखवता येईल इतकी स्वच्छ स्लाइड.

मी सरांना हाक मारली. त्यांनी बघितलं आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. निष्कर्ष लिहायला मला काहीच वेळ लागला नाही. एका ओळीचा होता. त्यात एकही किंतु नव्हता, आणि मी तो लिहिताना रडत होते. टाईपिस्ट बाईंनी मान खाली घालून तो टाईप केला.

आईवडील मुलीला मुंबईला घेऊन गेले, बरोबर आमच्या दोन्ही स्लाइड आणि मेणात बसवलेल्या तुकड्यांचे ब्लॉक. तिथल्या कॅन्सरच्या रुग्णालयानेही तेच सांगितलं. आधी औषधं चालली, केस गेले, मग पाय गेला. त्या वेळी छातीचा एक्स-रे स्वच्छ होता. विट्याला परत आल्यावर ती कुबड्यांवर चालायला शिकली, कॉलेजात नाव घातलं, असं मला सर्जनकडून कळायचं. मार्चची भरती आली आणि गेली. पुढचा पावसाळा संपता संपता तिला खोकला लागला. फुप्फुसात पसरलं होतं. एकदा तिच्या छातीतलं पाणी आमच्याकडे तपासायला आलं. नाव वाचून मी ती बाटली टेबलावर ठेवली आणि बाहेर जाऊन उभी राहिले. त्या दिवाळीच्या आधी ती गेली.

मी तेव्हा तिच्या घरी गेले नाही. जायला हवं होतं, पण कुठल्या तोंडाने गेले असते? काम बरोबर केलं होतं, त्यात मला शंका नव्हती आणि आजही नाही. तो पहिला तुकडा आज माझ्यासमोर आला तरी मी तेच लिहीन. पण बरोबर लिहिलं म्हणून मला झोप लागत होती असं नाही. पहिल्या अहवालापासून दुसऱ्या अहवालापर्यंत जे दिवस गेले, त्या दिवसांत एखादी पेशी नडगीतून सुटून फुप्फुसात गेली असेल का, हा विचार आंघोळ करताना यायचा, पोळ्या लाटताना यायचा. हा रोग बहुतेकदा पहिल्या दुखण्याआधीच पसरून बसलेला असतो, ते दिसत नाही इतकंच, हे मला माहीत होतं. बहुतेकदा. प्रत्येक वेळी नाही.

वर्षभराने ते लॅबमध्ये आले. मुलीचे वडील. एकटेच आत आले, टोपी हातात. जय भीम झालं. मी खुर्ची दिली, पाणी दिलं. खूप वाळले होते. डेपोतलं काही बोलले, बदलीचं काही बोलले, आणि मग म्हणाले, "ताई, एक इचारायचं हुतं. रागावू नका."

मला कळलंच.

"त्या येळंला, पयल्यांदा पाय काढायचा ठरलं हुतं तवाच काढला असता, तर पोरगी ऱ्हायली असती का?"

मी त्यांना खरं सांगितलं. दुसरं काही सांगणं मला जमलंच नसतं. म्हटलं, "दादा, मला वाटत नाही. तिच्या छातीत ते बहुतेक आधीच गेलेलं असणार, बारीक, एक्स-रेत न दिसणारं. त्या थोड्या दिवसांनी फरक पडला असेल असं मला वाटत नाही. पण अगदी नक्की सांगू शकत नाही. कोणीच सांगू शकणार नाही."

त्यांनी मान हलवली. "मला वाटलंच, तुमी असंच सांगनार. तुमी उगं कायतरी बोलनाऱ्या न्हाई." मग टोपी गुडघ्यावर ठेवून म्हणाले, "पर मी घरात येगळं सांगितलंय. हिला सांगितलंय, डॉक्टरबाई म्हनल्या काय फरक पडला नसता. नक्की. तुमचं नाव घिऊन सांगितलंय. लय मनाला लावून घेती ओ ती. जेवत न्हाई, झोपत न्हाई, आपनच सही न करता थांबलो म्हनती. आता ती खाली बसलीया. तिला तुमच्या तोंडून ऐकायचंय."

"दादा, मी तिला..."

"येक डाव सांगा. माझ्यासाटी न्हाई. तिच्यासाटी."

त्यांनी जिन्यात जाऊन हाक मारली आणि ती वर आली. वॉर्डात पायथ्याशी बसलेली तीच बाई. केस पांढरे झाले होते. तिने मला नमस्कार केला, बसली नाही. मी खुर्चीतून उठले. तिच्या डोळ्यांकडे न बघता मी म्हटलं, "बाई, काही फरक पडला नसता. तुम्ही थांबलात म्हणून काही झालं नाही. पाय तेव्हा काढला असता तरी असंच झालं असतं."

"नक्की?"

"नक्की."

आयुष्यात मी तो शब्द इतक्या सहज कुणाला दिला नव्हता. मुलीचे वडील दाराशी उभे होते, भिंतीकडे तोंड करून. ती बाई म्हणाली, "बरं झालं. ह्येनला जरा पानी देता का ओ, उनातनं आलोय." मी म्हटलं, आत्ताच दिलं. तरी ते शिपायाला विचारायला बाहेर गेले, बायकोचा शब्द मोडायचा नाही म्हणून असेल.

ते गेल्यावर ती एक पाऊल पुढे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "ह्येनी सांगायला लावलं न्हवं तुमाला?"

मी दाराकडे बघितलं.

"असू द्या," ती म्हणाली. "मी बी त्येनला तसंच सांगती रोज. डॉक्टरबाई मला वॉर्डात म्हनल्या हुत्या, काय फरक पडत न्हाई म्हनून. तुमी काय म्हनला न्हवता. पर ते लय मनाला लावून घेत्यात. जेवत न्हाईत." तिने पदराने तोंड पुसलं. "तवा त्येनी तुमाला कवा इचारलं तर तुमी बी हां म्हना."

ते पाण्याचा पेला घेऊन आत आले. तिने तो त्यांच्या हातातून घेतला, अर्धा प्याली आणि उरलेला त्यांना दिला. त्यांनी तो संपवला. मग दोघं जिना उतरून खाली गेली. ते पुढे, ती मागे, त्यांच्या सदऱ्याला धरून.